रिमोटची बटणं बदलायचा खटाटोप कशाला?

सासवडकर: रिमोटची बटणं रीमॅप करणं म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग. होमवर जा, अ‍ॅप उघडा, संपलं. दोन क्लिक वाचवून कुठलं विमान पकडायचंय?

वायरमन: दोन क्लिक तुमच्या घरी असतील हो. आमच्या आईला जाहिरातींच्या पट्ट्या ओलांडत अ‍ॅपपर्यंत जावं लागतं आणि मधेच अंगठा अशा ओटीटीच्या बटणावर पडतो ज्याचं सबस्क्रिप्शनच आमच्याकडे नाही. अँड्रॉइड टीव्हीवर Button Mapper हे अ‍ॅप टाका, सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन ते चालू करा, मग अ‍ॅपमध्ये बटण जोडायच्या ठिकाणी जाऊन हवं ते बटण दाबा. यादीत आलं की काम झालं, एकदा दाबलं की यूट्यूब, दाबून धरलं की भजनाचं अ‍ॅप. पण यादीत न येता ते ओटीटीच उघडलं तर समजायचं की टीव्हीची सिस्टीम ते बटण आधीच गिळतेय, अ‍ॅपपर्यंत पोचतच नाहीये. तिथं डोकेफोड नको, दुसरं बटण बघा. आम्ही शेवटी पिवळं घेतलं, तसंही त्याला कोण विचारतं.

निनाद७: वा! अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचायची परवानगी, पासवर्डसकट. आईच्या सोयीसाठी घराची किल्लीच देताय तुम्ही.

वायरमन: सगळ्याच अ‍ॅप्सना सगळं दिसत नाही. चालू करताना काय काय मागतंय ते समोर लिहून येतं, वाचायचे कष्ट घ्या.

निनाद७: लिहून येतं म्हणून ओके दाबायचं? बँकेचं अ‍ॅपही असंच टाकता का?

वायरमन: टीव्हीवर बँक? धन्य आहात.

मीनाकाकू: भांडण नंतर करा रे, माझ्या डिशच्या रिमोटवर सह्याद्रीचं बटण कसं करायचं ते सांगा. मुलगा टाकून देतो म्हणाला पण फोनच उचलत नाही.

वायरमन: काकू, डिशचा रिमोट बॉक्सशी बोलतो, टीव्हीला तो कळतच नाही. त्या बॉक्सच्या मेनूत फेव्हरिट चॅनलची यादी असते का बघा.

मीनाकाकू: मेनूत गेले की बाहेर येता येत नाही हीच तर तक्रार आहे! दोन-दोन रिमोट, त्यात एकाचे सेल नातवाच्या गाडीत.

कट्टेकरी: एलजीवाल्यांना हे काहीच लागत नाही. आकड्यांचा रिमोट असेल तर अ‍ॅप चालू असताना एखादा आकडा दाबून धरायचा, टीव्ही विचारतो नोंदवू का, हो म्हणायचं. पुढे तोच आकडा दाबून धरला की ते अ‍ॅप. शून्य दाबून धरलं की यादी बदलता येते.

निनाद७: म्हणजे परवानगी न देताही होतं. हेच म्हणत होतो मी.

वायरमन: एलजीवर. अँड्रॉइडवर नाही. उगाच श्रेय घेऊ नका.

चाफेकळी: वायरमन, टीव्ही बंद-चालू केला की माझं मॅपिंगच गायब होतं, ते पण सांगा ना.

वायरमन: मॅपिंग असतं हो जागेवर. कमी रॅमच्या टीव्हीत Button Mapper ची मागे चालणारी सेवा बंद पाडली जाते. अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन बंद करून परत चालू करा, येईल. दर वेळी करावं लागलं तर मात्र वैताग आहे.

सासवडकर: म्हणजे दोन क्लिक वाचवायला रोज सेटिंग्जमध्ये दहा क्लिक. चालू द्या. तो एलजीचा आकडा मात्र सासूबाईंच्या टीव्हीवर करून बघतो, त्यांना सांगू नका.