मदत हवी आहे: टॉप-हॅट लावल्यावर तांदळाचे दाणेच गायब होतात

भातकणी: अख्खे दाणे आणि तुकडा वेगळे मोजायचे आहेत. फोटो खिडकीजवळ काढलेत, त्यामुळे डावी बाजू उजळ आणि उजवी अंधारी. थेट ओट्सू थ्रेशोल्ड लावला तर डावीकडचा कागदच पांढरा होतो. म्हणून आधी टॉप-हॅट लावलं, तर दाणेच जातात, नुसते ठिपके उरतात. शुक्रवारी सरांना दाखवायचं आहे. लवकर सांगा.

```python
k = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_ELLIPSE, (15, 15))
th = cv2.morphologyEx(gray, cv2.MORPH_TOPHAT, k)
```

राजा_कोल्हापूर: टॉप-हॅट सोडा. अ‍ॅडॅप्टिव्ह थ्रेशोल्ड लावा, एका ओळीचं काम आहे. आमच्याकडे पावत्या स्कॅन करताना मी कायम तेच वापरतो.

सुमेधा_जो: पावतीवरची अक्षरं बारीक असतात, म्हणून तिथे चालतं. दाणा जाड असेल आणि ब्लॉक त्याच्यापेक्षा लहान ठेवला, तर अ‍ॅडॅप्टिव्हमध्येही दाणा आतून पोकळ दिसतो. आकार किती घ्यायचा हा प्रश्न तिथेही सुटत नाही.
भातकणी, कागद कुठल्या रंगाचा? दाणा किती पिक्सेल रुंद? आणि हे १५ कुठून घेतलं?

अनिकेत७: कागद पांढरा असेल तर टॉप-हॅट नाही, ब्लॅक-हॅट लागेल. चूक तिथेच आहे.

भातकणी: कागद काळा आहे, दाणे पांढरे. दाणा साधारण ७० पिक्सेल लांब आणि २२ रुंद. १५ हे मॅटलॅबच्या तांदळाच्या उदाहरणातून घेतलं, तिथे `strel('disk', 15)` आहे.

सुमेधा_जो: मग ब्लॅक-हॅट नको. घोळ १५ मध्ये आहे. मॅटलॅबमध्ये ती त्रिज्या आहे, ओपनसीव्हीत तुम्ही पूर्ण रुंदी दिलीत. म्हणजे तुमची चकती निम्मी झाली. शिवाय ते चित्र २५६ बाय २५६ चं, दाणे तुमच्यापेक्षा पुष्कळ लहान.
टॉप-हॅट म्हणजे मूळ चित्रातून त्याचं ओपनिंग वजा करणं. ओपनिंग काय करतं ते बघा. चकती जिथे जिथे पूर्ण बसते, तो उजळ भाग ते ठेवतं. जिथे मावत नाही, तो पुसतं. तुमची १५ ची चकती २२ रुंदीच्या दाण्यात आरामात बसते. म्हणून ओपनिंगमध्ये दाण्याचा जवळजवळ सगळा भाग राहतो आणि मूळ चित्रातून तोच वजा होतो. उरतात ती निमुळती टोकं. तुम्हाला ठिपके दिसतात ते हेच. लांबी ७० असली तरी चालेल, अडवायची असते ती रुंदी.
अंदाज करत बसू नका. ओपनिंगचं चित्र वेगळं साठवून डोळ्यांनी बघा. त्यात दाण्यांची पुसट सावली जरी दिसली तरी चकती लहान आहे. फक्त उजेडाचा मऊ उतार दिसला पाहिजे.

भातकणी: ३१ केलं, एकेकटे दाणे नीट आले! पण काही ठिकाणी दोन दाणे चिकटून आडवे पडलेत, त्यांचा मधला भाग खाल्ला जातो.

सुमेधा_जो: दोघांची मिळून रुंदी ४४ झाली, त्यात ३१ ची चकती मावते. ५१ घ्या.

राजा_कोल्हापूर: सरळ २०१ टाका ना. मोठं घेतलं की काही अडायचंच नाही.

भातकणी: २०१ टाकून पाहिलं. डाव्या कडेला पांढरा पट्टा आला.

सुमेधा_जो: राजाभाऊ, मोठ्याने अडतं ते इथेच. उजेड एकसारखा चढत असेल तर चित्राच्या मध्ये मोठी चकतीही बिघडवत नाही. पण खिडकीकडच्या कडेला चकतीला पुढे जागाच नसते, तिथला उजेड ओपनिंगमध्ये कमी धरला जातो आणि वजा केल्यावर पट्टा उरतो. कागदावर उजेडाचा चकतीपेक्षा छोटा डाग असेल, तर तोही दाण्यासारखाच वर येईल. म्हणून सर्वांत जाड पुंजक्यापेक्षा थोडंच मोठं ठेवा. कडेसाठी `cv2.copyMakeBorder` ने `BORDER_REPLICATE` वापरून चकतीच्या रुंदीइतकी पट्टी आधी चारही बाजूंना जोडा, शेवटी कापून टाका.

मोडीप्रेमी: विषयांतराबद्दल क्षमस्व. माझ्याकडे पिवळ्या पडलेल्या कागदांवरची मोडी पत्रं आहेत, शाई काळी. हेच चालेल का?

अनिकेत७: तुम्हाला मात्र ब्लॅक-हॅटच. चकती बोरूच्या सर्वांत जाड फटकाऱ्यापेक्षा मोठी घ्या. पण शाईचा मोठा डाग असेल तर तो पुसला जाईल, हे लक्षात ठेवा.

भातकणी: ५१ आणि जोडपट्टीने कडा साफ झाली, पुंजकेही शाबूत. पण उजवीकडच्या अंधारात १०–१२ दाणे ओट्सूनंतर अजून गळतातच.

सुमेधा_जो: टॉप-हॅट पार्श्वभूमी वजा करतं, उजेड वाढवत नाही. अंधारातला दाणा मुळात कमी उजळ, तो वजाबाकीनंतरही फिकाच राहतो. भागाकाराने जमलं असतं, पण तुमचा कागद काळा, शून्याजवळच्या आकड्यांनी भागलं की नुसता कचरा. त्याच उजेडात कोऱ्या पांढऱ्या कागदाचा एक फोटो आहे का?

भातकणी: नाही. आणि नमुने कालच परत गेले.

अनिकेत७: चित्राचे डावे-उजवे दोन भाग करून ओट्सू वेगवेगळा लावून बघा.

सुमेधा_जो: जोडावर पडलेल्या दाण्यांचं काय? एक उजवीकडचा तुकडा इथे टाका, बघते.