मदत हवी आहे: दुकानातल्या माणसांच्या ओव्हरटाइमचा हिशोब कसा करायचा?

सुमेधा_क (मार्च २०२४)
महाराष्ट्रात माझं कापडाचं दुकान आहे, १२ माणसं कामाला. सकाळी १० ते रात्री ९, मधे तासभर जेवणाची सुट्टी, आठवड्याला एक रजा. सोडून गेलेल्या एका मुलाने ओव्हरटाइम मागितलाय. त्याचा पगार १५,६०० होता. माझ्या हजेरीवहीत नुसत्या ‘ह’च्या खुणा आहेत, यायची-जायची वेळ कुठेच नाही. त्याचं बुडवायचं नाहीये, पण आकडा कसा काढू?

नीलेश७
ताई, दोन माणसं कमी दाखवा. दहाच्या आत असलात की कुठलाच कायदा लागत नाही.

वहीखाते
नीलेश, अर्धंच बरोबर. २०१७ चा दुकाने कायदा दहा किंवा जास्त माणसांना पूर्ण लागतो, त्याखाली ऑनलाइन सूचना दिली की पुरते. पण किमान वेतन पहिल्या नोकरापासून लागतं आणि त्यातच आठवड्याची सुट्टी व दुप्पट ओव्हरटाइमही येतो. खोटी वही तर नकोच.

सुमेधाताई, जेवण वजा जाता रोज १० तास, सहा दिवसांचे ६०. मर्यादा ४८ ची, म्हणजे आठवड्याला १२ तास जादा. १५,६०० भागिले २६ म्हणजे दिवसाचे ६००, आठने भागले की तासाला ७५. ओव्हरटाइम दुपटीने, १५०. आठवड्याचे १,८०० रुपये झाले.

पण पैसे देऊनही सुटका नाही. तीन महिन्यांत ओव्हरटाइम १२५ तासांपर्यंतच चालतो, तुमचा १३ आठवड्यांत १५६ होतो. शिवाय आल्यापासून जाईपर्यंत साडेदहा तासांच्या वर माणूस अडकवता येत नाही, तुमच्याकडे अकरा होतात. निम्मे १० ते ७ बोलवा, निम्मे १२ ते ९. जेवणाचा तास वजा जाता आठच तास काम होतं. वहीत वेळ लिहून रोज सही घ्या.

रेवा_दुकान
आमच्याकडे सोमवारी बाजार बंद असतो. आता सातही दिवस उघडं ठेवलं तर दंड होईल का?

वहीखाते
रेवाताई, हा प्रश्न वेगळा. या कायद्याने दुकान सातही दिवस उघडं ठेवता येतं, माणसाला मात्र सलग २४ तासांची सुट्टी हवीच. पाळीपाळीने द्या. सुट्टीच्या दिवशी बोलावलंत तर दोन महिन्यांत बदली रजा द्यावी लागते.

सुमेधा_क
दोन पाळ्या सोमवारपासून लावते. मागच्या वेळा बिलबुकावरून जुळवून बघते. पहिलं आणि शेवटचं बिल कधी फाडलं ते त्यात कळतं. पण दुकान उघडायला तो नेमका किती आधी यायचा, ते कसं ठरवू?

वहीखाते
त्यालाच समोर बसवून विचारा. नोंद ठेवायची जबाबदारी मालकाची असते. वही गप्प असली की त्याच्या शब्दाला वजन येतं.

नीलेश७ (सप्टेंबर २०२५)
धागा वर आणतोय. दहाची मर्यादा वीस करायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. मग बारा माणसांच्या दुकानातल्या हक्काच्या आठ किरकोळ रजांचं काय होणार?