लाँग रनमध्ये मोसंबीचा रस, गूळ की मध? सल्ला हवा

घाटवाट:
सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतेय. 21 किमी, त्यात यवतेश्वरचा घाट. वय 36, वजन 58. गेल्या रविवारी 18 किमी पळायचे होते. जेलची पाकिटे महाग पडतात, आणि घरचे खाणे बरे असे वाटले, म्हणून 500 मिली मोसंबीचा ताजा रस काढून गाळला, त्यात मोठे तीन चमचे मध घातला. तासाभराने अर्धी बाटली एकदम प्यायले आणि अकराव्या किलोमीटरला पोटात असा पीळ पडला की रस्त्याकडेच्या दगडावर बसावे लागले. उरलेले अंतर चालत आले.
रस चुकला की मध? मोसंबी सोलून खाल्ली असती तर? सासूबाई म्हणतात गुळाचा खडा ठेव. शर्यतीला दोन महिने आहेत.

काहिलीकाठी:
सासूबाईंचे ऐका ताई. आमचे गुऱ्हाळ आहे, कोल्हापूरकडे. चुलवणावर दिवसभर उभे राहणारी माणसे गूळ आणि पाणी घेतात, उन्हातून आलेल्या पाहुण्यालाही आधी गूळपाणीच देतात. साखर कारखान्यात धुऊन पांढरी होते, सगळे सत्त्व मळीत जाते. गुळात लोह राहते आणि तो सावकाश रक्तात उतरतो. फक्त पिवळाधमक गूळ घेऊ नका, तो रंग बऱ्याचदा हायड्रोस पावडरीचा असतो. आमचा गुळव्या रस भेंडीच्या पाण्याने साफ करतो, त्याची ढेप काळपट निघते. गिऱ्हाईक नाक मुरडते, पण खाण्याला तीच चांगली.

क्रीडाआहार:
मी धावपटू आणि सायकलवाल्यांचा आहार बघते, 12 वर्षे झाली. आधी ताईंच्या बाटलीचा हिशोब करू, उत्तर तिथेच आहे.
मोसंबीच्या 500 मिली रसात साधारण 40 ग्रॅम साखर असते. मधाचा मोठा चमचा 20 ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्यातली 16-17 ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे धरून 50. एकूण 90 ग्रॅम, अर्ध्या लिटरमध्ये. म्हणजे 18 टक्के. पळताना पोटाचे रक्त पायांकडे वळलेले असते. अशा वेळी 6 ते 8 टक्क्यांचे पाणी पोट पुढे सोडते. त्याहून घट्ट आले की ते पोटात रेंगाळते, आणि आतड्यात पोचल्यावर बाहेरचे पाणी आत ओढून घेते. पोटात पीळ, डुचमळणे, कधी जुलाब, हे त्याचेच. मोसंबीचा दोष नाही, मधाचाही नाही. बाटली घट्ट होती आणि तुम्ही एकदम प्यायलात.
दीड-दोन तासांच्या पळण्याला ताशी 30 ते 60 ग्रॅम पुरते. नवीन असताना 30 ने सुरुवात करा. 500 मिली पाण्यात सपाट सात छोटे चमचे साखर (चमचा 4 ग्रॅमचा), अर्धे लिंबू आणि मीठ छोट्या चमच्याचा आठवा भाग. मोसंबीच घ्यायची तर रस 250, पाणी 250, साखर दोन चमचे आणि तेवढेच मीठ. दर पंधरा मिनिटांनी चार-पाच घोट. तासाच्या आत संपणाऱ्या पळण्याला हे काहीच नको, साधे पाणी पुरे.

घाटवाट:
मग अख्खे फळ वाईट? आयुष्यभर उलटे ऐकलेय.

क्रीडाआहार:
नाही, वेळ वेगळी आहे. रस गाळताना चोथा टाकून देतो, म्हणूनच तो पळताना सोसतो. तीच गोष्ट टेबलाशी बसल्यावर उलटते. एका ग्लासाला तीन-चार मोसंब्या लागतात आणि तो दोन मिनिटांत संपतो. चार मोसंब्या सोलून कुणी एका बैठकीत खात नाही, दुसरीलाच पोट भरते. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनासुद्धा रसातली साखर आणि मध यांना वरून घातलेल्या साखरेतच धरते, फळातल्या साखरेला नाही. पळण्याचा दिवस सोडला तर फळ चावूनच खा. मिक्सरमधून काढलेल्या, न गाळलेल्या फळात चोथा राहतो, पण तेही पळताना नको.
आता काहिलीकाठी यांच्यासाठी. गूळपाणी पळतानाही चालते, कारण तो मुख्यतः साखरच आहे. पण 'सावकाश उतरतो' हे खरे नाही, तो साखरेइतकाच चटकन रक्तात जातो. लोह आहे, पण 10 ग्रॅम गुळातून अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास, आणि बाईची रोजची गरज आपल्याकडे 29 मिलिग्रॅम धरतात. तेवढ्यासाठी गूळ खायचा म्हटले तर साखरच पोटात जास्त जाईल.

काहिलीकाठी:
आकडे मानतो. पण चुलवणापाशी घाम गाळलेल्या माणसाला गूळपाण्याने जे बळ येते ते मी डोळ्यांनी पाहिलेय.

क्रीडाआहार:
ते खरेच आहे. घाम गेला, पाणी आणि साखर दोन्ही मिळाली. पाण्याशिवाय नुसता खडा चघळला असता तर तसे झाले नसते. ताई, म्हणून खडा खिशात ठेवायचा तर प्रत्येक खड्याबरोबर दोन-चार घोट पाणी हवेच.

नाना५८:
माझे वय 68, मधुमेहाची गोळी चालू आहे, रोज 5 किमी चालतो. मुलीच्या सांगण्यावरून चहात साखरेऐवजी गूळ घालतो, एक चमचा मधही घेतो. तर चालण्याआधी मोसंबी चालेल ना?

क्रीडाआहार:
नाना, तुमचा प्रश्न वेगळा आहे. ताईंना साखर लवकर चढायला हवी आहे, तुम्हाला नको. तुमच्यासाठी गूळ आणि मध ही साखरच, त्याच मापात धरा. मोसंबी चावून खाल्लीत तर चालेल, रस नको. मात्र तुमच्या गोळीने साखर खाली उतरू शकते का हे डॉक्टरांना नक्की विचारा. उतरत असेल तर चालताना खिशात साखर ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात किंवा अर्धा कप रस, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. तिथे चिक्की नको, शेंगदाण्याच्या तेलाने साखर चढायला उशीर होतो. ताई, तुमच्याही पळण्याला चिक्की नको, पण पळून आल्यावर खा.

पेडलपुणे:
मला मध चालतो, साखरेचे पाणी गोड-गोड होऊन नको होते. पण सफरचंदाचा रस घेतला तेव्हा माझे पोट बिघडले. मधाने नाही, असे का?

क्रीडाआहार:
सफरचंदात फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा बरेच जास्त आणि सॉर्बिटॉलही असते, ते आतड्याला झेपत नाही. मधात फ्रुक्टोज थोडेच जास्त आहे. काहींना तोही सोसत नाही, म्हणून शर्यतीच्या दिवशी नवे काही नको.

घाटवाट:
काल 16 किमी झाले. रस-पाणी-मीठाची बाटली, घोट घोट. पोटाचा त्रास नाही. फक्त तेराव्याच्या पुढे चढावर पाय जड झाले. आता 45 ग्रॅमवर जाऊ, की आधी सकाळी निघण्यापूर्वी केळे खाऊन बघू?

पेडलपुणे:
केळे. दीड तास आधी.

क्रीडाआहार:
दोन्ही एकदम बदलू नका. या रविवारी फक्त केळे, पुढच्या रविवारी फक्त बाटली. आणि पाय जड होण्यामागे चढाचा वेगही असू शकतो. ताई, पहिले 5 किमी किती मिनिटांत काढले ते सांगा.