पुण्यात भाड्याच्या फ्लॅटची चौकशी करताना : आपले अनुभव लिहा

धागाकर्ती : एजंटाशी किंवा मालकाशी पहिल्यांदा बोलताना आपण काय विचारले आणि त्याचा पुढे काय उपयोग झाला, हे कृपया लिहावे. मला १ जूनपासून वाकडमध्ये दोन बीएचके हवा असून महिन्याला २५ हजार देता येतील.

वाकडकर : हे २५ हजार मेंटेनन्स धरून आहेत, असे एजंटाला पहिल्याच फोनवर सांगावे. मला २४ हजार भाड्याचा म्हणून दाखवलेल्या फ्लॅटचा मेंटेनन्स अडीच हजार वेगळा निघाला. शिवाय डिपॉझिट ७२ हजार, पहिले भाडे २४ हजार आणि दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी, म्हणजे किल्ली हाती येण्याआधीच १ लाख २० हजार लागणार होते. हा हिशोब मांडून मी मालकांशी थेट बोललो, तेव्हा ते साडेबावीस हजारांवर आले.

तारखेचेही असेच आहे. फ्लॅट रिकामा असेल तर मालक महिनाभर थांबायला सहसा तयार नसतात, आणि टोकन घेतल्या दिवसापासून भाडे मोजू पाहतात. म्हणून भाडे नेमके कोणत्या तारखेपासून सुरू होणार, हे टोकन देण्यापूर्वीच मेसेजवर लिहून घ्यावे. जुना भाडेकरू अजून राहत असेल, तर तो कधी सोडणार आणि उन्हाळ्यात टँकर किती येतात, हे त्यालाच विचारणे मला सर्वांत विश्वासाचे वाटते.

सातारकर : करार ११ महिन्यांचाच करावा, म्हणजे नोंदणी लागत नाही आणि नोटरी पुरते.

निवृत्त लेखनिक : बारा महिन्यांखालील कराराला नोंदणी लागत नाही, हा सर्वसाधारण नियम खरा आहे, परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. म्हणून "करार नोंदणीकृत करणार ना, आणि त्याचा खर्च कोण देणार?" हा प्रश्न चौकशीतच विचारावा. त्याच बोलण्यात लॉक-इन किती महिन्यांचा आहे आणि रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, हेही विचारावे. माझ्या मुलीचे डिपॉझिट रंगाच्या नावाखाली जवळजवळ एका महिन्याच्या भाड्याने कमी झाले होते, कारण करारात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

औंधची घरमालकीण : मी भाडेकरू शोधते आहे, त्यामुळे माझा अनुभव उलट बाजूचा आहे. किती माणसे राहणार, नोकरी कुठे आहे आणि कधी येणार, हे जे स्वतःहून सांगतात, त्यांना मी आधी फ्लॅट दाखवते. पोलीस पडताळणीला नाखूश असणाऱ्यांशी मी पुढे बोलत नाही.

धागाकर्ती : सर्वांचे आभार. एक प्रश्न उरतो : अकरा महिन्यांनी त्याच घरात करार वाढवला, तर एजंटाला पुन्हा दलाली द्यावी लागते का?

वाकडकर : माझ्याकडे अर्ध्या महिन्याची मागितली होती, मी दिली नाही.

निवृत्त लेखनिक : माझ्या मुलीने दिली. सुरुवातीला काय ठरले होते, यावरच ते अवलंबून राहते.