मांड्या दुखतात म्हणून स्टॅटिन सुटलं, एलडीएलचं काय? : अनुभव धागा

तापीकाठ : एक केस मांडतो, त्यावर ज्याने त्याने जे पाहिलंय ते लिहावं. रावेरकडचे केळी बागायतदार, वय 58, स्टेंट टाकलेला. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली गोळी, अटोरवास्टॅटिन 40, चालू असताना एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 82. दोन्ही मांड्या ठणकतात म्हणून गोळी स्वतःच सोडली. आता एलडीएल 160, आणि "ती गोळी पुन्हा नको" यावर ठाम आहेत.

लॅबवाला भुसावळ : आधी विचारा, स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके कधी काढलं? दिवसभर घड वाहून, ट्रक भरून दुसऱ्या दिवशी रक्त दिलं की आकडा वाढलेलाच येणार, आणि खापर गोळीवर फुटतं. दोन-तीन दिवस जड काम बंद ठेवा, दंडात-कमरेत इंजेक्शन घेतलेलं नको, मग नमुना द्या. सोबत टीएसएच बघा. थायरॉईड मंदावलेलं असलं तर स्नायूही दुखतात आणि एलडीएलही चढतं.

सातपुडा : दादा, मना उजवा गुडघा दुखस, जिना चढतांना. मी बी हीच गोळी खातो. बंद करी टाकू का?

फिजिशियन, धुळे : सातपुडा भाऊ, एकाच गुडघ्याचं दुखणं सहसा सांध्याचं असतं. स्टॅटिनचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना, मांड्या, कंबर, पोटऱ्या अशा मोठ्या स्नायूंत येतं, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत. गोळी चालू ठेवा, गुडघा दाखवून घ्या.

मूळ केसबद्दल. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, उठता-बसता येईना, किंवा सीपीके वरच्या मर्यादेच्या दहापट गेलं, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. इथे तसं काही नसेल तर पुन्हा सुरू करून बघायला हरकत नाही. मात्र आधी दोन ते चार आठवडे गोळीविना जाऊ द्या आणि रोज रात्री दुखण्याला 0 ते 100 मधला आकडा वहीत लिहायला लावा. यांची गोळी आधीच सुटलेली आहे, तेव्हा वही आजच सुरू होऊ शकते. गोळी नसतानाही मांड्या 30-40 वर असतील, तर ते दुखणं गोळीचं कसं?

आडवा प्रश्न : म्हणजे मनाचाच खेळ म्हणा की.

फिजिशियन, धुळे : तसं पेशंटला म्हणालात तर तो परत येणार नाही. दुखणं खरंच असतं, कारण वेगळं असू शकतं. लंडनच्या सॅमसन अभ्यासात (2020) स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना चार महिने अटोरवास्टॅटिन 20, चार महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी आणि चार महिने रिकामी बाटली, असं उलटसुलट क्रमाने दिलं. त्रासाचा सरासरी आकडा रिकाम्या बाटलीत 8, पोकळ गोळीत 15.4, स्टॅटिनमध्ये 16.3. स्वतःचे आकडे पाहिल्यावर निम्म्यांनी गोळी पुन्हा धरली. थोड्या लोकांना मात्र स्टॅटिन खरोखर सोसत नाही, तेही विसरू नका.

मेडिकलवाला शिरपूर : सोपं आहे, कुठलंही स्टॅटिन एक दिवसाआड द्या.

फार्मासिस्ट, जळगाव : कुठलंही नाही हो. रोसुवास्टॅटिन आणि अटोरवास्टॅटिन शरीरात जास्त वेळ टिकतात, म्हणून त्यांना ते जमतं. सिम्वास्टॅटिन काही तासांत उतरतं. आणि सोबतची औषधं बघा : अटोरवर असताना कोणी खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा नायट्यासाठी इट्राकोनाझोल दिलं, तर रक्तातलं अटोर वाढतं. नायट्याच्या गोळ्या आपल्याकडे चिठ्ठीशिवायही घेतल्या जातात, तेव्हा हे आवर्जून विचारा.

फिजिशियन, धुळे : बरोबर. यांना मी रोसुवा 5 आठवड्यातून तीनदा देऊन सुरुवात करेन. वही ठीक राहिली तर महिन्याने रोज. रोज 5 ने एलडीएल साधारण 38 टक्के उतरतं, म्हणजे 160 चं 100. पुढे डोस दुप्पट केला तरी जेमतेम 6 टक्क्यांची भर पडते, आणि दुखण्याची भीती परत येते. त्यापेक्षा एझेटिमाइब 10 जोडा. ते आतड्यातून कोलेस्टेरॉलचं शोषण अडवतं आणि उरलेल्यातलं पाचवा हिस्सा काढतं : 80 च्या आसपास. चार ते सहा आठवड्यांनी लिपिड पुन्हा.

तापीकाठ : स्टेंटवाल्याला 55 च्या खाली हवं ना?

फार्मासिस्ट, जळगाव : मग बेम्पेडोइक ॲसिड 180. ते यकृतात गेल्यावरच कामाला लागतं, स्नायूत ते सुरू करणारं एन्झाइमच नाही, म्हणून मांड्यांची तक्रार कमी. पण युरिक ॲसिड वाढतं. पायाचा अंगठा सुजून लाल होण्याचा इतिहास असेल तर जपून.

फिजिशियन, धुळे : त्याने 65 पर्यंत येईल. उरलेल्यासाठी एलडीएल आणखी उतरवणारी पीसीएसके9 ची इंजेक्शनं आहेत, पण खर्च बघून बरेच जण तिथेच थांबतात. रोसुवा 10 करून बघायचं की इंजेक्शन, हे मी त्यांची वही बघूनच ठरवेन.

लॅबवाला भुसावळ : मी आधी रोसुवा 10 च म्हणेन. आणि दर वेळी रक्त केळी कापणीच्या आठवड्यात नको.