मदत हवी आहे : मेलमधला जुना मजकूर आपोआप झाकला जातो

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत डिस्पॅच आणि ऑर्डरचं काम बघतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाला आम्ही मेलमध्ये विचारलं होतं : पहिला पॅटर्न जुनाच वापरायचा का, आणि दुसऱ्याचं मशीनिंग अलाउन्स 3 मिमी ठेवायचं का? उत्तर आलं, "पहिला थांबवा, दुसरं चालेल." आता हा मेल शॉपच्या सुपरवायझरला फॉरवर्ड केला, तर त्याच्या मोबाइलवर तेवढी एकच ओळ दिसते. खाली तीन टिंबं, आणि आमचे प्रश्न त्यांच्या आत. घाईत कोण दाबतंय ती टिंबं? "काय थांबवू?" म्हणून फोन येतो.

मजकूर गेलेला नसतो, फक्त झाकलेला असतो. "अमुक तारखेला अमक्याने लिहिलं" ही ओळ किंवा `blockquote` दिसला की ॲप त्याखालचं मिटवतं, असं दिसतंय. गिऱ्हाइकाने आमच्या प्रश्नांच्या मधेमधे उत्तरं लिहिली तर आणखी पंचाईत, कधी उत्तरच आत जातं.

प्रश्न हाताने नव्याने टाइप केले तर दिसतात, पण रोज कोण करणार? ऑफिसातल्या पीसीवर थंडरबर्डमध्ये तोच मेल अख्खा दिसतो, पण सुपरवायझर पीसीवर बसत नाही.

अँड्रॉइडवर जुना मजकूर कायम उघडा ठेवणारं एखादं आयमॅप ॲप कुणी वापरतंय का? किंवा पाठवतानाच `blockquote` काढून साधा मजकूर जाईल अशी सेटिंग थंडरबर्डमध्ये कुठं आहे?