सर्व्हिस रेकॉर्ड नसलेली सेकंडहँड गाडी: आधी कोणतं ऑइल बदलायचं?

डोंबिवली_नवखा: २०१५ ची होंडा सिटी घेतली. पेट्रोल, सीव्हीटी, ८२ हजार किमी. सर्व्हिस बुक नाही, एजंट "सगळं ओके आहे साहेब" एवढंच म्हणतो. गॅरेजवाल्याचं मत, इंजिन ऑइल बदला आणि बाकी चालतंय तोवर हात लावू नका. मेव्हणा म्हणतो सगळंच बदल. एकदम सगळा खर्च जमणार नाही. पंधरवड्यात घरच्यांना घेऊन महाबळेश्वरला जायचंय, येताना आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणार. आधी काय करू?

विक्रोळीचा_मिस्त्री: इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलाच, त्यात वाद नाही. डिपस्टिकवर ऑइल मधासारखं स्वच्छ दिसलं तरी बदला. विकायच्या आधी स्वस्तातलं ऑइल ओतून गाडी दाखवणारे कमी नाहीत.

पण तुमच्या घाटासाठी पहिला नंबर ब्रेक ऑइलचा. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि मुंबईच्या हवेत पाण्याला काय तोटा! नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्के पाणी शिरलं की हीच हमी १५५ वर येते. घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल, तर कॅलिपरमध्ये तेवढी उष्णता पोहोचू शकते. मग आत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ होऊन खाली बसतं. वाईट भाग पुढे आहे: गाडी थंड झाली की पेडल पूर्ववत. खाली आल्यावर कोणत्याही गॅरेजला काही सापडत नाही.

बजेट_भाऊ: मिस्त्री, जरा जास्तच घाबरवताय. माझ्या गाडीत पाच वर्षं तेच ब्रेक ऑइल आहे, डबीत स्वच्छ पिवळं दिसतं. डोंबिवली ते अंधेरी ट्रॅफिकमध्ये कुठे उकळणार? त्यापेक्षा सीव्हीटीचं ऑइल बदला, गिअरबॉक्स गेला तर लाखाचा बांबू.

विक्रोळीचा_मिस्त्री: ट्रॅफिकपुरतं तुमचं बरोबर आहे. पण प्रश्न घाटाचा आहे. आणि डबीतला रंग बघून काही कळत नाही. पॅड झिजले की डबीची पातळी उतरते, कोणीतरी वरून नवं ओततं, डबी चकाचक. चाकापाशी मात्र जुनंच असतं. मी पहिल्या चाकाचा निपल सैल करून पारदर्शक नळीतून काचेच्या बाटलीत थोडं घेतो. चहाच्या रंगाचं आलं तर विषय संपला. आणि रंग चांगला आला तरी इतिहास माहीत नसेल तर मी बदलतोच. आतलं पाणी डोळ्यांना दिसत नाही.

पनवेल_डिझेल: घाटात माझ्या इनोव्हाचं पॉवर स्टिअरिंग जड झालं होतं. ऑइल गळून संपलेलं. ते कोणीच कसं सांगत नाही?

विक्रोळीचा_मिस्त्री: कारण या सिटीचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्यात ऑइलच नाही. तुमच्या गाडीला लागू, यांच्या नाही.

गिरगाव_सीव्हीटी: सीव्हीटीला हात लावू नका, हे माझं स्पष्ट मत. मित्राची जुनी ऑटोमॅटिक, लाखभर किमी कधीच ऑइल बदललं नव्हतं. एका ठिकाणी मशीन लावून फ्लश केलं, महिन्याभरात गिअर स्लिप व्हायला लागले. जुन्या ऑइलमधल्या कणांवरच क्लच तगून असतात. नवं आलं की संपलं.

विक्रोळीचा_मिस्त्री: तुमच्या मित्राचं झालं ते खरं असेल, पण निष्कर्ष अर्धाच आहे. मशीनच्या दाबाने जुना गाळ सुटून वाल्व्ह बॉडीत अडकू शकतो, म्हणून जुन्या बॉक्सला मशीन लावू नये इथपर्यंत मान्य. शिवाय पुष्कळ लोक गिअर आधीच घसरायला लागल्यावर ऑइल बदलायला येतात, मग दोष नव्या ऑइलवर जातो. साधं खालून सोडून वरून भरलं तर निम्म्याच्या आसपास जुनं आत राहतं, बॉक्सला धक्का बसत नाही.

या गाडीला ऑइल एचसीएफ-२ हेच. दुकानदार "एटीएफ चालेल, सगळं एकच" म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. सीव्हीटीत पट्टा पुलीवर घसरू नये ही त्या ऑइलची जबाबदारी असते, साध्या एटीएफला ते जमत नाही. भरण्याचा बोल्ट आधी सैल करून बघा, मगच खालचा उघडा. खालून सगळं सांडल्यावर वरचा जाम निघाला तर गाडी जागेवरच अडकते. काढलेलं मोजून तेवढंच भरा, मग मॅन्युअलप्रमाणे गरम करून पातळी तपासा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा लेप असेल तर नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारी चमकदार किस निघाली तर एजंटला फोन लावा, ऑइलने तो प्रश्न सुटणार नाही.

गिरगाव_सीव्हीटी: आणि बदलल्यावर काही झालं तर? मी अजूनही म्हणतो, गाडी गुळगुळीत चालतेय तर दोन-तीन महिने चालवून बघा, मग ठरवा.

विक्रोळीचा_मिस्त्री: घाटानंतर बदललं तरी माझी हरकत नाही. ब्रेक मात्र आधी.

कल्याण_पूरग्रस्त: माझी मॅन्युअल स्विफ्ट कुठल्यातरी पुरात उभी राहिलेली निघाली. इंजिन ऑइल ठीक, पण गिअर ऑइल काढलं तर कॉफीसारखं दुधाळ. बॉक्सच्या ब्रीदरमधून पाणी शिरलं होतं. नवख्या, कार्पेट उचलून सीटचे रेल आणि बोल्ट गंजलेत का बघ. तसं असेल तर ही सगळी क्रमवारी विसर, सगळीच ऑइलं लगेच काढ.

डोंबिवली_नवखा: रेल स्वच्छ आहेत. आणि कूलंट? रिझर्व्ह बाटलीत निळं आहे.

विक्रोळीचा_मिस्त्री: बाटलीवर जाऊ नका, तिथेही वरून ओतलेलं असू शकतं. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून बघा. तिथेही निळं आणि स्वच्छ असेल तर सध्या राहू द्या, पैसे ब्रेकवर लावा. तांबूस पाणी दिसलं तर कोणीतरी नळाचं पाणी भरत आलंय. मग घाटाआधी तेही काढा, आणि नवं तयार मिश्रणाचं घ्या.

बजेट_भाऊ: बघा, यादी वाढतच चाललीय. म्हणूनच मेव्हण्याचं ऐकू नये.

डोंबिवली_नवखा: आज ब्रेकचं करायला गेलो. गॅरेजवाल्याने फळीवरचा अर्धा उघडा डबा काढला, मी थांबवून सीलबंद डॉट ४ आणायला लावला. पण मागच्या डाव्या चाकाचा निपल गंजून बसलाय. तो म्हणतो जोर लावला तर तुटेल, तीनच चाकांचं करू.

विक्रोळीचा_मिस्त्री: तीनच नको. आज गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, उद्या सहा कोनी पान्याने आधी किंचित घट्ट करून मग सैल करायला सांगा. तुटला तर मागे ड्रम आहे, त्या चाकाचा सिलिंडरच नवा बसवायचा, फार खर्चाचं काम नाही. आणि पेडल मारणाऱ्या पोराला सांगा, पार तळापर्यंत दाबू नकोस, खाली लाकडाचा ठोकळा ठेव. जुन्या मास्टर सिलिंडरचा तळाकडचा भाग कधी वापरात नसतो, तिथे गंज असला तर सील फाटतं आणि दुसऱ्या दिवशी पेडल हळूहळू बसायला लागतं.

गिरगाव_सीव्हीटी: म्हणजे ऑइल बदलून नवीन दुखणं येऊ शकतं, हे तुम्हीच म्हणताय.

विक्रोळीचा_मिस्त्री: चुकीच्या हाताने बदललं तर येतं. नवखा, उतरताना गिअर खालच्या रेंजमध्ये ठेवा, ब्रेकवरचा भार कमी होईल.